जस्ताने अडवलेलं तांबं

बेसिनवर वाकून तोंड धुताना तोल जाणं, ही तक्रार मेंदू आणि मज्जातंतूंचे डॉक्टर कान देऊन ऐकतात. तोंडाला साबण लावला की डोळे मिटावे लागतात. ज्याच्या पायांकडून ‘आपण कुठे उभे आहोत’ हा निरोप मेंदूपर्यंत नीट पोचत नाही, तो माणूस दिवसभर डोळ्यांच्या आधाराने सावरलेला असतो. डोळे मिटले की तो डगमगतो. तळपायाखाली कापूस असल्यासारखं वाटणं आणि अंधारात भिंत धरून चालणं हेही त्याच आजाराचे सोबती. त्यात चेहरा पांढुरका पडलेला असेल, तर बहुतेक डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते बी-१२ जीवनसत्त्वाच्या कमतरतेचं. ते योग्यच आहे, कारण आपल्याकडे ती कमतरता खूप आढळते.

पण बी-१२ भरपूर असूनही नेमकं हेच चित्र दिसू शकतं. पुढे सांगतो ती बाई काल्पनिक आहे. मात्र तिच्या बाबतीत घडलेलं सगळं वैद्यकीय नोंदींमधून पुन्हा पुन्हा भेटणारं आहे.

वय बावन्न. नऊ वर्षांपूर्वी वजन कमी करण्यासाठी तिची गॅस्ट्रिक बायपास शस्त्रक्रिया झाली. या शस्त्रक्रियेत जठराचा अंड्याएवढा छोटा भाग वेगळा करून त्याला लहान आतड्याचा पुढचा भाग जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून पुढे जातं. बी-१२ शोषलं जाण्यासाठी जठरात तयार होणारं एक प्रथिन लागतं, म्हणून शस्त्रक्रियेनंतर बी-१२ कमी पडतं हे तिला सुरुवातीलाच सांगितलेलं होतं. ती दर महिन्याला न चुकता इंजेक्शन घेत होती.

तरी सहा महिन्यांपासून धाप लागू लागली, पायांना मुंग्या येऊ लागल्या. रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.९. लाल पेशी नेहमीपेक्षा जरा मोठ्या. पांढऱ्या पेशी २,१००, आणि त्यांतले न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंवर पहिला हल्ला चढवणारे शिपाई, फक्त ६००. ते निदान दीड हजार तरी असावेत. प्लेटलेट मात्र शाबूत. फॅमिली डॉक्टरांनी इंजेक्शनं आठवड्याला एक केली, जोडीला लोहाच्या गोळ्या दिल्या. दोन महिने गेले, आकडे हलले नाहीत. बी-१२ मोजलं तर ६४०, म्हणजे हवं तेवढं. मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या मागच्या बाजूला पांढरट पट्टा दिसला. बी-१२च्या कमतरतेत दिसतो तोच, त्याच जागी.

मग अस्थिमज्जेची तपासणी झाली आणि गोष्ट अधिक भीतीदायक वळणावर आली. मज्जेतल्या कोवळ्या पेशींमध्ये बुडबुड्यांसारख्या पोकळ्या होत्या. काही लाल पेशींच्या पिल्लांमध्ये केंद्रकाभोवती लोहाच्या कणांचं कडं होतं. असं कडं मायलोडिसप्लॅस्टिक सिंड्रोम नावाच्या, पुढे रक्ताच्या कर्करोगाकडे झुकू शकणाऱ्या विकारातही दिसतं. घरच्यांनी मोठ्या शहरातल्या रक्तविकारतज्ज्ञांची वेळ घेतली.

तज्ज्ञांनी कागद पाहिले आणि विचारलं, “बाई, अजून काय काय गोळ्या घेता?”

“काही नाही डॉक्टर. बीपीची एक, कॅल्शियम, आणि ते इंजेक्शन.”

“दुकानातून आपणहून आणलेलं काही?”

“त्या केसांच्या? त्या काही औषध नाहीत.”

मला वाटतं, या आजाराचं निदान बहुतेक वेळा याच वाक्यापाशी अडकतं. वजन झपाट्याने उतरलं की तीन ते सहा महिन्यांत केस गळू लागतात. ते पुढे बहुधा आपोआप येतात, पण तेवढा धीर कुणाला असतो? कुणीतरी झिंक सुचवलं. गोळीचा फायदा झाला असं वाटलं आणि सवय लागली. बाईंची डबी मागवून वाचली. झिंक सल्फेट २२० मिलिग्रॅम असलेल्या कॅप्सूलमध्ये प्रत्यक्ष जस्त ५० मिलिग्रॅम असतं. त्या दिवसाला दोन घेत होत्या, म्हणजे १०० मिलिग्रॅम, आणि तेही कित्येक वर्षं. अमेरिकेत प्रौढांसाठी जस्ताची रोजची कमाल मर्यादा ४० मिलिग्रॅम मानली आहे.

पितळेत तांबं आणि जस्त किती गुण्यागोविंदाने राहतात! आतड्यात मात्र त्यांचं पटत नाही. तांबं शोषलं जातं ते मुख्यतः जठरात आणि लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात, म्हणजे बायपासने जो रस्ता चुकवला नेमका तिथे. शोषण कमी झालं तरी रोज लागणारं तांबं एक-दोन मिलिग्रॅमच असल्याने काही वर्षं निभावून जातं. त्यात जस्ताचा मारा सुरू झाला की आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मेटॅलोथायोनिन नावाचं धातू पकडणारं प्रथिन भरपूर बनवू लागतात. ते बनतं जस्तामुळे, पण घट्ट धरून ठेवतं तांब्याला. जस्तापेक्षा तांब्याशी त्याचं सख्य जास्त. अशा पेशीत शिरलेलं तांबं रक्तात उतरतच नाही. या पेशींचं आयुष्य थोड्या दिवसांचं. त्या गळून पडतात आणि तांबं त्यांच्यासोबत शौचावाटे निघून जातं. समोर ताट वाढलेलं, पण दारातच कुणीतरी उचलून नेतोय, असा प्रकार.

तांबं नसलं तर रक्त का बनत नाही? याचं उत्तर जुनं आहे. १९२८ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये हार्ट, स्टीनबॉक, वॉडेल आणि एल्व्हेजेम यांनी दुधावर वाढवलेल्या, रक्तक्षय झालेल्या उंदरांना नुसतं लोह दिलं, तेव्हा हिमोग्लोबिन वर येईना. सोबत चिमूटभर तांबं दिलं तेव्हा ते आलं. पेशीतून बाहेर पडणाऱ्या लोहाचं रूप बदलावं लागतं, तरच रक्तातलं वाहक प्रथिन त्याला उचलतं, आणि हे रूपांतर तांबं असलेली प्रथिनं करतात. शिवाय पेशीच्या आतल्या ऊर्जेच्या कारखान्यातला एक महत्त्वाचा विकरही तांब्यावर चालतो. तो मंदावला की आत आलेलं लोह हिमोग्लोबिनमध्ये न जाता तिथेच साचतं. बाईंच्या मज्जेत दिसलेलं कडं ते हेच. लोह होतं, पण वापरता येत नव्हतं. म्हणूनच गोळ्यांचा उपयोग झाला नाही.

चेतातंतूंवरचा परिणाम आधी गुराख्यांना ठाऊक झाला, डॉक्टरांना बऱ्याच नंतर. १९३०च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात बेनेट्स नावाच्या पशुवैद्याने दाखवून दिलं की तांबं कमी असलेल्या कुरणात चरणाऱ्या मेंढ्यांची कोकरं मागच्या पायांनी लडखडतात, आणि मेंढ्यांना तांबं दिलं की हा विकार टळतो. माणसातला तसाच विकार २००१पासून नीट नोंदवला जाऊ लागला. मेयो क्लिनिकचे नीरज कुमार यांनी त्याचं तपशीलवार वर्णन केलं. त्याआधी असे किती रुग्ण ‘इंजेक्शनला दाद न देणारी बी-१२ची कमतरता’ म्हणून पडून राहिले असतील, कुणास ठाऊक.

दोन्ही कमतरतांतला फरक शोधायला काही खुणा आहेत. बी-१२ कमी असेल तर न्यूट्रोफिलचं केंद्रक पाच-सहा पाळ्यांचं झालेलं दिसतं. तांब्याच्या कमतरतेत सहसा तसं दिसत नाही, उलट मज्जेतल्या कोवळ्या पेशींत पोकळ्या दिसतात. लाल पेशींचा आकार मात्र फसवतो. तांबं कमी असताना त्या मोठ्या, नेहमीच्या किंवा लहानही असू शकतात. आणि शस्त्रक्रिया झालेल्या माणसात दोन्ही कमतरता एकत्र नांदू शकतात, तेव्हा एक सापडली म्हणून शोध थांबवला की दुसरी मोकळी सुटते.

खरा निवाडा रक्तातल्या मोजणीने होतो. बाईंचं तांबं निघालं १४ मायक्रोग्रॅम, जिथे साधारण ७० ते १४० असावं. सेरुलोप्लाझ्मिन, म्हणजे रक्तातलं बहुतेक तांबं वाहणारं प्रथिन, ४ मिलिग्रॅम, जे वीसच्या वर हवं. जस्त मात्र १८५, मर्यादेच्या बरंच वर. या आकड्यांनाही डोळे झाकून मानता येत नाही. जंतुसंसर्ग, सूज किंवा गरोदरपणात सेरुलोप्लाझ्मिन वाढतं आणि सौम्य कमतरता झाकली जाते. याउलट विल्सन आजारातही हे दोन्ही आकडे कमी येतात. तिथे यकृतात तांबं साचून विषासारखं काम करत असतं, आणि वर तांबं दिलं तर अनर्थच. चोवीस तासांच्या लघवीत तांबं वाढलेलं असेल तर संशय विल्सनचा, अगदी कमी असेल तर खरी कमतरता. गंमत अशी, की विल्सनच्या रुग्णांना जस्त मुद्दाम देतात, आतड्याच्या दारावर तांबं अडवण्यासाठी. बाईंनी नकळत तोच इलाज स्वतःवर केला होता, आजार नसताना.

जस्त कुठून येतं हे शोधायला कधी कधी पोलिसी नजर लागते. कवळी चिकटवण्याच्या काही मलमांमध्ये जस्त असायचं. अमेरिकेत २००८ साली आठवड्याला दोन-दोन ट्यूब संपवणाऱ्या रुग्णांमध्ये हाच आजार नोंदवला गेला. तिथलं एक सेंटचं नाणं १९८२पासून जवळजवळ सगळंच जस्ताचं आहे, आणि मानसिक आजारात नाणी गिळणाऱ्यांमध्येही तो आढळला. डोळ्यांच्या पडद्यासाठी देतात त्या एका प्रसिद्ध मिश्रणात ८० मिलिग्रॅम जस्त असतं. ते बनवणाऱ्यांनी ही भानगड आधीच ओळखून त्यात २ मिलिग्रॅम तांबं घातलं. केसांच्या गोळ्यांच्या सगळ्या डब्यांवर इतका विचार आढळत नाही.

“मग तांब्याच्या भांड्यातलं पाणी प्यायलं तर?” बाईंच्या सुनेने विचारलं. प्रश्न रास्त आहे. पण रात्रभर ठेवलेल्या पाण्यात उतरणारं तांबं फार थोडं आणि बेभरवशाचं. तेही बायपास झालेल्या, जस्ताने पहारा बसवलेल्या आतड्यातूनच जायचं. उपचार म्हणून ते मोजता येत नाही.

जस्त त्याच दिवशी बंद केलं. तोंडावाटे दिलेलं किती शोषलं जाईल याची खात्री नव्हती, म्हणून पाच दिवस शिरेतून रोज २ मिलिग्रॅम तांबं दिलं आणि नंतर गोळ्या सुरू केल्या. आतड्यातला पहारा लगेच उठत नाही, शरीरात साठलेलं जस्त हळूहळू उतरतं. त्यामुळे तांब्याची पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागली. आधी न्यूट्रोफिल चढले, तीन आठवड्यांत दीड हजाराच्या वर. दोन महिन्यांनी हिमोग्लोबिन ११.६ झालं. मज्जा पुन्हा तपासली तेव्हा पोकळ्या आणि कडी दोन्ही गेलेली होती. कर्करोगाचा संशय कागदावरून खोडला गेला.

चेतातंतूंनी इतकी उदार साथ दिली नाही. रक्त नव्याने बनत राहतं, मज्जारज्जूतल्या खराब झालेल्या वाटा तशा पुन्हा उभ्या राहत नाहीत. आजार पुढे सरकायचा थांबतो, थोडीफार सुधारणा होते, आणि उशीर जितका जास्त तितकी ती कमी. वर्षानंतर बाईंच्या मुंग्या निम्म्यावर आल्या होत्या, काठी सुटली होती. तोंड धुताना मात्र त्या अजूनही एक हात बेसिनच्या काठावर ठेवतात.