सनस्क्रीनची ट्यूब नेमकी कधी संपते?

सनस्क्रीनवरचा एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो, तेव्हा त्वचेच्या दर चौरस सेंटीमीटरवर 2 मिलिग्रॅम क्रीम लावलेलं असतं. चेहरा आणि मान मिळून 600 चौरस सेंटीमीटर धरले, तर एका वेळेला 1.2 ग्रॅम क्रीम लागतं. रोज सकाळी एकदाच लावलं, तर 50 ग्रॅमची ट्यूब साधारण 42 दिवसांत संपायला हवी.

प्रत्यक्षात बहुतेक जण निम्मं किंवा त्याहूनही कमी लावतात. निम्मं लावणाऱ्याला तीच ट्यूब 83 दिवस पुरते. म्हणून सगळ्या ग्राहकांना सरसकट तिसाव्या दिवशी 'संपत आलं असेल ना?' असा मेसेज पाठवणारा छोटा ब्रँड फसतो. ट्यूब अर्ध्याहून जास्त भरलेली असताना असा मेसेज आला, की ग्राहक पुढचे मेसेज उघडायचंच सोडतो. उशीर झाला, तर त्याने तोवर कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून दुसरी ट्यूब आणलेली असते.

प्रमाणावरून काढलेले 42 दिवस हा केवळ पहिला अंदाज. नवं उत्पादन बाजारात आणताना तेवढाच हाताशी असतो. पुढे ऑर्डरची वही बोलू लागते. समजा, नऊ ग्राहकांनी पहिल्या ट्यूबनंतर दुसरी मागवली आणि दोन ऑर्डरमधलं अंतर असं निघालं: 41, 46, 52, 55, 58, 63, 70, 118 आणि 190 दिवस. यांची सरासरी 77 येते. त्या दिवशी आठवण पाठवली, तर नऊपैकी सात जणांनी ट्यूब आधीच मागवलेली असेल. शेवटच्या दोघांच्या लांबलेल्या अंतराने सरासरी फुगवली आहे. चढत्या क्रमातला मधला आकडा, म्हणजे मध्यक, 58 आहे आणि तो अशा टोकाच्या आकड्यांनी हलत नाही.

पण आठवण मध्यकाच्या दिवशी पाठवली, तरी जवळपास निम्मे ग्राहक पुढे निघून गेलेले असतात. त्यासाठी पहिल्या पाव हिश्श्याची सीमा बघावी. स्प्रेडशीटच्या सी स्तंभात ही अंतरं भरली, की दोन्ही आकडे लगेच मिळतात:

```
=MEDIAN(C2:C10)
=QUARTILE(C2:C10,1)
```

दुसऱ्या ओळीचं उत्तर 52 येतं. त्याच्या पाच दिवस आधी, म्हणजे ऑर्डरपासून 47व्या दिवशी मेसेज पाठवला, तर नऊपैकी सात जणांना तो वेळेत मिळतो. पार्सल पोचायला लागणारे दिवस इथे पुन्हा वजा करायचे नाहीत. अंतर ऑर्डरपासून ऑर्डरपर्यंतचं असल्यामुळे ते त्यात आलेलेच असतात.

आता वहीतले खड्डे. सेलमध्ये दोन ट्यूब घेतलेल्याचं अंतर दुप्पट दिसतं, म्हणून ते ट्यूबच्या संख्येने भागावं. ज्याने नवी ऑर्डर दिली आहे, त्याची ठरलेली आठवण त्याच दिवशी रद्द व्हायला हवी. सगळ्यांत फसवा खड्डा नव्या ब्रँडचा असतो. सुरू होऊन तीनच महिने झाले असतील, तर 118 किंवा 190 दिवसांची अंतरं वहीत येऊच शकत नाहीत. जे लवकर परतले तेच यादीत दिसतात आणि चक्र खऱ्यापेक्षा छोटं वाटतं. म्हणून पहिली खरेदी करून किमान सहा महिने झालेल्या ग्राहकांवरूनच हिशेब मांडावा. तोपर्यंत मेसेज मोघम असू द्यावा: 'ट्यूब निम्म्यावर आली का? रोज लावूनही ती चार महिने पुरत असेल, तर तुमचं प्रमाण कमी पडतंय.' हे सांगणं ग्राहकाच्या कामाचं असतं, कारण कमी लावलं की संरक्षणही छापील आकड्यापेक्षा बरंच घटतं.

व्हिटॅमिन सीच्या सीरमला मात्र वेगळं माप लागतं. 30 मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे 600 थेंब मावतात, म्हणजे रोज चार थेंब वापरले तर ती 150 दिवस पुरेल. पण हवा लागली की त्यातलं ॲस्कॉर्बिक ॲसिड ऑक्सिडाइझ होऊन सीरम पिवळसर, मग तपकिरी होत जातं. उघड्या डब्याच्या चित्राजवळ '3M' छापलेलं असेल, तर बाटली उघडल्यापासून तीन महिनेच मोजायचे, मग आत कितीही उरलेलं असो.

शेवटी, आठवणीने खरंच विक्री वाढली का, हे तपासायला हवं. पहिल्या ऑर्डरचा क्रमांक विषम असेल त्यांना मेसेज पाठवावा, सम असेल त्यांना नाही. समजा, प्रत्येकी शंभरांपैकी मेसेज मिळालेले 31 आणि न मिळालेले 27 परत आले. मग आठवणीची कमाई 31 नव्हे, फार तर 4 ग्राहक. इतक्या लहान गटात चारचा फरक योगायोगानेही पडू शकतो, म्हणून आणखी काही महिने मोजत राहावं. तोवर 'आमच्या मेसेजमुळे 31 टक्के ग्राहक परतले' असा दावा करू नये, कारण त्यातले बहुतेक ट्यूब संपली म्हणूनच आलेले असतात.