तळटीपेतला पत्ता

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली हिंसक व्हिडिओ गेमबद्दल निकाल दिला, तेव्हा न्यायमूर्ती सॅम्युअल अलिटो यांनी आपल्या स्वतंत्र मतपत्राच्या एका तळटीपेत ssnat.com या संकेतस्थळाचा आधार दिला होता. पुढे ते पान गेले. मग कुणा खट्याळाने तेच नाव विकत घेऊन तिथे टोमणा लिहून ठेवला की, पाहा, निकालपत्रात असा पत्ता दिला की काय होते! चेष्टा निरुपद्रवी होती, पण तिथे खोटा मजकूर टाकला असता तरी वाचकाला पत्ता लागला नसता. म्हणूनच पान नाहीसे होण्यापेक्षा पान बदलणे मला जास्त घातक वाटते. पान गेले तर निदान ४०४ची पाटी दिसते. बदलले तर दुवा चालू राहतो आणि आधार तेवढा निसटतो. झिट्रेन, अल्बर्ट आणि लेसिग या अभ्यासकांच्या पाहणीत या न्यायालयाच्या निकालपत्रांतले निम्मे दुवे मूळ मजकुरापर्यंत पोचत नव्हते. ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’सारख्या नियतकालिकांत हे प्रमाण सत्तर टक्क्यांवर होते.

त्यातून २०१३ साली हार्वर्डच्या विधी ग्रंथालयाने perma.cc सुरू केले. लेखकाने पत्ता दिला की ही सेवा त्या क्षणीचे पान चित्रे-मांडणीसकट जतन करते, सोबत पडद्याचे छायाचित्र घेते आणि आठ अक्षर-अंकांचा छोटा दुवा देते. पहिल्या चोवीस तासांत तो खोडता येतो, नंतर नाही. हा एक दिवस महत्त्वाचा, कारण नक्कल अनेकदा फसते: लॉगिनमागच्या लेखाऐवजी लॉगिनचा चौकोनच साठवला जातो, किंवा खाली सरकवल्यावर उमटणारा मजकूर येतच नाही. म्हणून नक्कल खाजगी खिडकीत उघडून आपण आधार घेतलेले वाक्य तिथे आहे ना, हे बघावे. इंटरनेट अर्काइव्हच्या ‘वेबॅक मशीन’वर आणखी एक गंमत आहे. तिथल्या दुव्यातला चौदा आकडी वेळशिक्का जागतिक वेळेचा असतो, त्यामुळे भारतात पहाटे चारला साठवलेल्या पानावर आदल्या दिवसाची तारीख पडते. युनिकोडपूर्व मराठी संकेतस्थळांची पाने तर साठवली गेली, तरी त्यांचा खास फाँट हाती नसेल तर अक्षरांऐवजी नुसती चिन्हे दिसतात.

यावर आक्षेप येतो की, जपणारी संस्थाच बुडाली तर? आक्षेप रास्त आहे. ऑक्टोबर २०२४मध्ये सायबर हल्ल्यामुळे इंटरनेट अर्काइव्ह काही दिवस बंदच होते. पण त्यावरचा उपाय जतन टाळणे हा नव्हे, तर एकाच दुव्यावर विसंबणे टाळणे हा आहे. तळटीपेत लेखक, शीर्षक, मूळ पत्ता आणि पाहिल्याची तारीख द्यावी, आणि त्यापुढे जतन-दुवा. केवळ छोटा दुवा दिला आणि ती सेवा थांबली, तर त्या आठ खुणांवरून काहीच शोधता येत नाही. मूळ पत्ता आणि तारीख असेल तर दुसऱ्या एखाद्या संग्रहात त्याच सुमाराची नक्कल शोधता येते.