काका, घरात गोळ्या किती उरल्यात?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रोह्याच्या आसपासच्या कुठल्याही सरकारी दवाखान्यात बीपीच्या रुग्णांची यादी काढून बघा. निम्मी नावं तरी 'आला नाही' या रकान्यात दिसली तर नवल नाही. लावणीचे दिवस असतात. कुंडलिकेच्या काठची शेतं पाण्यानं भरलेली, माणसं गुडघाभर चिखलात, आणि ज्यात काहीच दुखत-खुपत नाही असा आजार घेऊन रांगेत उभं राहायला कुणाला वेळ आहे?

अशा रुग्णांना नर्सनं फोन करायचा, ही पद्धत राज्यात आता बऱ्याच ठिकाणी रुळली आहे. २०१७ च्या अखेरीस देशातल्या पाच राज्यांत उच्च रक्तदाब नियंत्रणाचा सरकारी उपक्रम सुरू झाला, त्यात महाराष्ट्र होता. आपल्याकडे सुरुवातीचे जिल्हे सिंधुदुर्ग, सातारा, भंडारा आणि वर्धा. तारीख चुकलेल्यांची यादी काढून त्यांना बोलावून घेणं हा त्या कामाचा एक कणा. पण फोनवर नेमकं बोलायचं काय, आणि कुठल्या क्रमानं? खरी गोम तिथंच आहे.

यादी हातात आली की वरून खाली फोन लावत सुटायचं नाही. आधी दोन खुणा शोधायच्या: मागच्या भेटीत बीपी १८०/११० किंवा त्याहून जास्त होतं ते, आणि ज्यांना पूर्वी लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेलाय ते. हे पहिले. बाकीचे नंतर. वेळही बघावी लागते. लावणीत सकाळी दहाला घरी फोन उचलायला फक्त म्हातारी माणसं असतात. संध्याकाळी सात बरी. धाटावच्या कारखान्यात पाळीला जाणाऱ्याची पाळी कागदावर लिहून ठेवली असेल तर दोन फोन वाचतात.

आता संहिता. पहिलं वाक्य नाव पटवून घेण्याचं. फोन बहुतेक वेळा मुलाचा किंवा सुनेचा असतो, म्हणून बीपीचा शब्द अजून काढायचा नाही.

"नमस्कार, मी दवाखान्यातून सिस्टर बोलतेय. काका आहेत का?" काका नसतील तर कधी भेटतील एवढंच विचारायचं आणि ठेवून द्यायचं. सुनेनं "कशासाठी?" विचारलं तरी "त्यांच्याशीच बोलायचं होतं" हे पुरतं. घरात न सांगता गोळ्या खाणारी माणसं असतात.

काका फोनवर आले की पहिला प्रश्न 'का आला नाहीत' हा नाही. तो विचारला की माणूस शाळेतल्यासारखा कारणं द्यायला लागतो आणि पुढचं सगळं खोटं होतं. आधी तब्येत: "छातीत दुखणं, दम लागणं, हातापायातली ताकद जाणं, तोंड वाकडं होणं किंवा बोलताना जीभ जड होणं, असं काही होतंय का?" यातलं एकही 'हो' आलं की पुढची संहिता बाजूला. १०८ ला फोन करायला सांगायचं आणि फोन ठेवण्याआधी घरातल्या दुसऱ्या माणसाशी बोलायचं.

'नाही' आलं तर सगळ्यात मोलाचा प्रश्न. "काका, गोळ्यांचं पाकीट आणता का? किती उरल्यात ते मोजून सांगा."

'गोळ्या घेताय ना?' असं विचारलं तर उत्तर 'हो' हेच येतं. मोजायला सांगितलं की आकडा येतो, आणि आकड्याला लाज नसते. एक नमुना घेऊ, माणूस कल्पनेतला पण हिशेब नेहमीचा. काका ३ जूनला आले होते, बीपी १५२/९४, अमलोडिपीन ५ मिलीग्रॅमच्या ३० गोळ्या दिल्या. पुढची तारीख ३ जुलै. सिस्टर फोन करतेय ११ जुलैला. काका पाकीट उजेडात धरून मोजतात आणि म्हणतात, "चौदा हायत. मना काय व्हत नाय, बरा हाय मी."

३ जून ते ११ जुलै म्हणजे ३८ दिवस. गोळ्या ३०, उरल्या १४, म्हणजे पोटात गेल्या १६. हा माणूस तारीख विसरलेला नाही. गोळ्या संपल्याच नाहीत, तर तो दवाखान्यात येईल कशाला?

इथं 'का' विचारायचं, पण तारखेबद्दल नाही. "सकाळची गोळी कधी राहते, काका?" उत्तर असं येतं: डॉक्टरांनी नाश्त्यानंतर घ्यायला सांगितलं होतं. लावणीत नाश्ता शेतावर जातो, भाकरी बांधावरच खाल्ली जाते. पाकीट घरी फळीवर. घरी येईपर्यंत 'नाश्त्यानंतर' निघून गेलेलं असतं. अमलोडिपीन जेवणाआधी-नंतर कधीही चालतं, वेळ रोजची एक हवी. "मग पहाटे दात घासलेत की लगेच घ्या" हे नर्स सांगू शकते. चुकलेल्या गोळीची भरपाई म्हणून दोन घेऊ नयेत, हेही. डोस बदलणं मात्र फोनवर अजिबात नाही.

आणखी एक प्रश्न लावणीच्या दिवसांत मी कधी गाळत नाही: "कंबरेसाठी दुकानातून गोळी आणता का?" डायक्लोफेनॅक, इबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या बीपी वाढवतात, आणि रुग्ण त्यांना औषधात मोजतच नाही.

'मला काही होत नाही' याचं उत्तर रागावून देऊ नये, कारण काका खरंच सांगताहेत. अमलोडिपीन अंगातून हळूहळू उतरतं; एक-दोन दिवस चुकले तरी बीपी लगेच उसळत नाही, आणि वाढलं तरी कळत नाही. म्हणून सांगायचं ते एवढंच: "बीपी कळत नाही, मोजल्याशिवाय. मोजायलाच या." काही औषधांत उलट असतं. बीटा ब्लॉकर गटातली गोळी हृदयविकार असलेल्यानं अचानक बंद केली तर छातीत दुखायला लागू शकतं. म्हणून फोनआधी कागदावर औषधाचं नाव बघावं.

शेवटी तारीख. 'सवडीनं या' म्हणजे न येणं. "गुरुवारी येता की शुक्रवारी?" असं विचारून वार त्यांच्याच तोंडून घ्यायचा, आणि उरलेलं पाकीट आणायला सांगायचं. काका दिव्याला मुलाकडे राहायला गेले असतील तर तिथल्या जवळच्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवायला सांगावं. तिथून रोह्याला हेलपाटा घालायला लावलं की गोळी नक्की सुटते.

फोन ठेवला की नोंद. निकाल तीनच: येतो म्हणाले; अमुक तारखेला पुन्हा फोन करायचा; किंवा यादीतून काढायचं, कारणासहित, जसं की नंबर चुकीचा, खासगी डॉक्टरकडे जातात, गाव सोडलं, वारले. उचलला नाही म्हणजे यादीतून काढणं नव्हे, वेगवेगळ्या वेळी तीनदा तरी लावावा.

काकांच्या बाबतीत एक ओळ जास्त लागते. ते शुक्रवारी येतील, बीपी १५८ भरेल, आणि डॉक्टरांना वाटेल की ५ मिलीग्रॅम पुरत नाही. दुसरी गोळी जोडली जाईल, काका दोन्ही नीट घ्यायला लागतील, आणि पंधरा दिवसांनी बांधावर चक्कर येऊन बसतील. म्हणून केसपेपरवर, डॉक्टरांच्या नजरेला पडेल अशा जागी, सिस्टर लिहिते: '३८ दिवसांत १६ गोळ्या घेतल्या. आता पहाटे घेणार. वेदनाशामक गोळी घेतात का ते पुन्हा विचारावं.'