कुलपावरचं वेळापत्रक

खान्देशात बारावी सायन्सच्या अनेक मुलांकडे आता महाज्योतीचा टॅब दिसतो. तो मिळतो सीईटी, नीटच्या ऑनलाइन तयारीसाठी. माझी भाची जळगावला शिकते. तिच्या टॅबवर कॉलेजच्या वेळापत्रकाचा वॉलपेपर होता, पण त्यावरून पुढचा तास कोणता हे तिलाही पटकन सांगता येत नव्हतं.

कारणं टॅब हातात घेतल्यावर लगेच दिसली. व्हॉट्सॲपवर आलेल्या पीडीएफचा स्क्रीनशॉट तिने फोनवर, उभा काढला होता. आडव्या टॅबची जागा भरण्यासाठी तो ताणला गेला, वरचे-खालचे तास कापले गेले आणि उरलेली अक्षरं फुटली. सोमवारच्या रकान्यावर घड्याळ येऊन बसलं होतं.

आधी मजकूर कमी केला. कॉलेजच्या तक्त्यात प्रॅक्टिकलच्या एकाच चौकटीत तिन्ही बॅचेस, सरांची नावं, लॅबचे नंबर असं सगळं असतं. तिला लागतं फक्त तिच्या बॅचचं. म्हणून शीटमध्ये नवा तक्ता केला: सहा वार आडवे, तास उभे, चौकटीत ‘फिजि’, ‘केमि’, ‘मॅथ्स’ एवढंच. प्रॅक्टिकलला वेगळा रंग दिला, कारण त्या दिवशी जर्नल न्यायचं असतं.

मग माप पाहिलं. 10.1 इंची टॅब आडवा धरला की पडदा साधारण 21.7 सेंटिमीटर रुंद भरतो. वेळेचा एक आणि वारांचे सहा असे सात रकाने केले, तर प्रत्येकाला तीन सेंटिमीटर मिळतात. उभ्या टॅबवर दोनही मिळत नाहीत. टॅब टेबलावर स्टँडला आडवाच असतो, म्हणून तक्ताही आडवाच ठेवला. वरचा तिसरा हिस्सा घड्याळासाठी आणि खाली बोटभर पट्टी रिकामी सोडली. पार्श्वभूमी गडद ठेवली, नाहीतर पांढरं घड्याळ पांढऱ्या कागदावर हरवतं.

स्क्रीनशॉट त्याच टॅबवर, आडवा धरून घेतला, त्यामुळे लांबी-रुंदी आपोआप जुळली. शीटच्या पट्ट्या आणि बटणं चित्रात येऊ नयेत म्हणून तक्ता आधी पीडीएफ करून पूर्ण पडद्यावर उघडला होता. वॉलपेपर लावताना फक्त लॉक स्क्रीन निवडली. होम स्क्रीनवर आयकॉन तक्त्यावरच बसतात.

“मामा, पलंगावरूनच दिसतंय!” भाची म्हणाली. पलंग टेबलापासून दोन हातांवर. लहान अक्षरं तिथून वाचता आली, म्हणजे काम झालं.

टॅब उभा धरला की मात्र दोन्ही कडांचे वार कापले जातात, त्याला इलाज नाही. दुसरी अडचण बदलाची. धुळ्याला शिकणाऱ्या माझ्या पुतण्याच्या कॉलेजात वेळापत्रक बदललं, तरी टॅबवर जुनंच राहिलं. चित्र स्वतःहून बदलत नाही. म्हणून आता दोघांच्याही तक्त्याच्या कोपऱ्यात तारीख लिहिलेली असते. ग्रुपवर नवं वेळापत्रक पडलं की आधी ती तारीख ताडून पाहायची.