ओढ कुठली, झोळ कुठला?

शिवून आलेला कुर्ता अंगात घातला की काहीतरी खटकतं, पण नेमकं काय ते आरशात कळत नाही. आरशासमोर प्रत्येक जण नकळत ताठ उभा राहतो, कुर्ता हाताने सारखा करतो आणि पाठ बघायला मान वळवली की पाठीवरचं कापडही वळतं. फोटोत हे सगळं थांबलेलं असतं. परगावच्या शिंप्याला तक्रार कळवायची तर फोटोशिवाय दुसरा मार्गही नसतो.

मात्र आरशात बघून स्वतःच काढलेला फोटो या कामाला निरुपयोगी. फोन धरलेला हात वर गेला की तो खांदा उचलला जातो, त्या बाजूचं कापड ताणलं जातं आणि खालचा काठही वर सरकतो. कुर्त्यात नसलेला दोष अशा फोटोत दिसतो. त्यापेक्षा दुसऱ्याला काढायला सांगावं किंवा टायमर लावावा. फोन कमरेच्या उंचीवर, आठ-दहा फुटांवर हवा. दोन्ही हात सैल सोडलेले, आणि पुढून, मागून, बाजूने असे तीन फोटो. मागे फरशीची किंवा दाराची सरळ रेघ असली की काठ किती वाकडा आहे ते तिच्याशी ताडून बघता येतं. उजेड एका बाजूने आला तर बारीक चुण्याही उठून दिसतात. गडद कापडाला तर तो हवाच.

फोटोत पाहायच्या असतात त्या चुण्या. ताठ, रेघेसारखी चुणी म्हणजे ओढ. तिच्या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी कापड कमी पडतंय. मऊ, लोंबती घडी म्हणजे झोळ. तिथे कापड जास्त झालंय. खांद्याच्या टोकापासून गळ्याकडे ओढ दिसत असेल आणि गळ्याखाली आडवी घडी पडत असेल, तर अंगाचे खांदे चौकोनी आहेत आणि कुर्त्याच्या खांद्याला उतार जास्त दिला गेलाय. याउलट गळ्याच्या बाजूने काखेकडे तिरपा झोळ उतरत असेल, तर अंगाचे खांदे उतरते आहेत आणि कुर्त्याचा उतार कमी पडलाय.

एक उदाहरण घेऊ. सरळ सुती कुर्ता, दोन्ही बाजूंना कट. फोटोत उजव्या काखेकडे तिरपा झोळ दिसतो, डावीकडे काही नाही. खाली उजवा काठ डाव्यापेक्षा अर्धा इंच लोंबतो. अशा वेळी बहुतेक जण काठ कापून सारखा करायला सांगतात, आणि तिथेच चूक होते. आधी कुर्ता सपाट पसरून काखेपासून काठापर्यंत दोन्ही बाजूंच्या शिवणी मापाव्यात. त्या सारख्या भरल्या तर काठाचा काही दोष नाही. अंगाचा उजवा खांदा जरा खाली आहे, आणि तिथे उरलेलं कापड काखेत झोळ टाकून पुढे काठापर्यंत उतरलंय. एक खांदा थोडा खाली असणं अगदी सर्रास आढळतं. शिंपी बहुधा एकाच बाजूचं माप घेऊन दोन्ही बाजू कापतो, त्यामुळे हा फरक कापडात येत नाही.

खात्री करायला एक रुमाल पुरतो. त्याची छोटी घडी उजव्या खांद्याच्या टोकावर, कुर्त्याच्या आत ठेवून पुन्हा फोटो काढावा. झोळ नाहीसा झाला आणि काठ वर आला, तर निदान पक्कं.

दुरुस्ती वरूनच करायची. बाही तेवढ्या भागात उसवून खांद्याची शिवण टोकाशी पुढून-मागून अर्धा-अर्धा इंच आत घ्यायची आणि गळ्याकडे जाताना ती शून्यावर आणायची. यामुळे मुंढा लहान होतो, म्हणून काखेतही तो अर्धा इंच खाली कोरायचा. नाहीतर झोळ जाऊन काखेत काच येतो. फोटो पाठवताना बाजूही नीट सांगावी. आरशातून काढलेल्या फोटोत, आणि काही फोनच्या सेल्फीतही, डावं-उजवं उलटतं. उजव्या मनगटावर एखादा दोरा बांधला की घोळ होत नाही.

शिवणींची मापंच वेगळी भरली तर मात्र गोष्ट निराळी. घेरदार कुर्त्यात बाजूचं कापड तिरक्या धाग्यावर येतं आणि स्वतःच्या वजनाने ताणत जातं. शिवल्या दिवशी सारखा असलेला काठ थोड्या दिवसांनी दोन्ही बाजूंना लोंबू लागतो. असा कुर्ता काठ दुमडण्याआधी एक दिवस हँगरला टांगून ठेवावा आणि मग अंगात घालून, जमिनीपासून सगळीकडे सारखं अंतर मोजून खूण करावी. लोंबलेला काठ कापून सारखा करणं इथे योग्यच.

चौकोनी खांद्यांची ओढ काढणं अवघड असतं, कारण तिथे शिवण सैल करावी लागते आणि त्यासाठी आत माया हवी. माया पाव इंचच ठेवली असेल तर शिंप्याला काही करता येत नाही. म्हणून कापड टाकतानाच खांद्याला आणि बाजूंना एक इंच माया ठेवायला सांगावं, आणि आधीच्या कुर्त्याचा फोटोही सोबत दाखवावा.