कंसातलं एक अक्षर

रसायनशास्त्राच्या प्रश्नपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो व्हॉट्सॲपवरून दोन-तीनदा फिरला की आधी बारीक अक्षरं जातात. समतोलाच्या प्रश्नात नेमकी तीच महत्त्वाची असतात. उदाहरणार्थ, तापलेल्या कोकवरून पाण्याची वाफ सोडण्याची ही अभिक्रिया:

C(s) + H₂O(g) ⇌ CO(g) + H₂(g), ΔH = +131 kJ

प्रश्न असा, की दाब वाढवला तर समतोल कुठे सरकेल?

फोटोत कार्बनपुढचा s पुसट होऊन g वाटला, तर दोन्हीकडे वायूचे दोन-दोन मोल दिसतात आणि उत्तर येतं 'काहीच फरक नाही'. खरं तर कार्बन घन आहे, तो या मोजणीत धरायचाच नाही. मग डावीकडे वायूचा एक मोल, उजवीकडे दोन. ल शातेलिएच्या तत्त्वानुसार दाब वाढला की समतोल कमी मोलांच्या बाजूला, म्हणजे डावीकडे जातो. याच कारणाने आणखी कोक टाकल्याने समतोल हलत नाही. जास्त वाफ सोडली तर मात्र तो उजवीकडे सरकतो. परीक्षकांचा हा आवडता सापळा.

तापमानाचं उत्तर अधिकच्या चिन्हावर अवलंबून आहे. अभिक्रिया उष्णता शोषते, म्हणून तापवल्यावर ती उजवीकडे झुकते. इथे समतोल स्थिरांकही बदलतो. दाब किंवा संहती बदलल्याने तो बदलत नाही.

चिन्ह वाचता येत नसेल, तर कारखान्यातली रीत आठवावी: वाफेमुळे कोक थंड पडत जाई, म्हणून मधूनमधून वाफ थांबवून हवा फुंकत आणि तो पुन्हा लालबुंद करत.