रिठा, शिकेकाई आणि वाटीभर पेज

वाळलेला रिठा बत्त्याने हलकेच फोडला की आतली काळी, टणक बी निसटून बाहेर पडते. ती बाजूला काढायची. कामाची असते ती तिच्याभोवतीची तांबूस, सुरकुतलेली साल. ओल्या बोटांनी ती चोळली की लगेच बुळबुळीत लागते आणि बोटांवर फेस धरतो. रत्नागिरीकडच्या माझ्या मावशीच्या घरी न्हाण्याची तयारी आदल्या रात्री इथूनच सुरू होते. तिचे केस कमरेपर्यंत आहेत. त्यांना ती सहा रिठ्यांची साल आणि शिकेकाईच्या दहा-बारा शेंगा घेते. शेंगांचेही तुकडे करून बिया काढते आणि दोन्ही लिटरभर पाण्यात रात्रभर भिजत घालते.

सकाळी तेच पाणी मंद आचेवर वीस मिनिटे उकळायचे. पातेले मोठे हवे, कारण रिठा दुधासारखा उतू जातो. पाणी कोमट झाले की साली आणि शेंगा हाताने नीट कुस्करायच्या, म्हणजे राहिलेला गर उतरतो. मग सुती फडक्यातून गाळायचे. मावशी गाळणीवर भागवत नाही. फडकेच घेते, तेही दुहेरी. त्यामागचे कारण डोळ्यांशी जोडलेले आहे, ते पुढे येईलच.

या तपकिरी पाण्यात काम करते ते सॅपोनिन. रिठ्याच्या सालीत ते भरपूर असते, शिकेकाईत त्याहून कमी. त्याच्या रेणूचा एक भाग साखरेचा असतो, तो पाण्यात रमतो. दुसरा भाग स्निग्ध असतो, तो तेलाला धरतो. केसांवरच्या तेलाचे आणि मळाचे बारीक थेंब होतात, सॅपोनिन त्यांना चहूकडून वेढते आणि ओतलेल्या पाण्याबरोबर ते निघून जातात. साबणाचे कामही याच धर्तीवर चालते, पण दोन फरक आहेत. साबण अल्कधर्मी असतो, तर रिठा-शिकेकाईचे पाणी आंबटाकडे झुकलेले, म्हणजे आम्लधर्मी. त्यामुळे केसाच्या वरच्या थराचे खवले साबणाने जसे उभे राहतात तसे याने राहत नाहीत. दुसरे म्हणजे विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यात साबणाचा चिकट साका केसांत बसतो. सॅपोनिनचा तसा साका होत नाही.

मात्र सॅपोनिनला अंगचे तेल आणि वरून लावलेले तेल यांतला भेद कळत नाही. आणि नेमक्या ज्या गुणाने ते तेल सोडवते, त्याच गुणाने ते डोळ्याला झोंबते. आपल्या पेशींच्या आवरणातही स्निग्ध द्रव्ये असतात, कोलेस्टेरॉल असते. सॅपोनिन त्याला धरते आणि आवरणाला भोके पाडते. डोळ्याच्या बुबुळावरचा पारदर्शक थर अशाच नाजूक पेशींचा आहे, शिवाय तिथे मज्जातंतूंची दाटी आहे. त्यात अश्रू जवळजवळ उदासीन आणि हे पाणी आम्लधर्मी, म्हणून आग आणखी वाढते. लहान मुलांचे शाम्पू कमी झोंबतात, कारण त्यांतले फेस करणारे पदार्थ मुद्दाम सौम्य निवडलेले असतात आणि त्यांची आम्लता अश्रूंच्या जवळ आणलेली असते. रिठ्याबाबत अशी काही सोय नाही. वनस्पतीजन्य म्हणून तो डोळ्याला निर्धोक, हे गृहीत चुकीचे आहे.

पूड वापरली तर त्रास दुप्पट होतो. बाजारात मिळणारी शिकेकाईची पूड कितीही बारीक दिसली तरी तिचे कण पाण्यात विरघळत नाहीत. डोळ्यात गेले की ते पापणीखाली अडकतात, आणि माणूस डोळा चोळतो तेव्हा बुबुळावर ओरखडा उठतो. दुहेरी फडके त्यासाठी. पूड दळताना-चाळताना शिंका आणि ठसका येतो, तेव्हाही नाकातोंडाला फडके बांधलेले बरे.

मावशीकडची खरी युक्ती पेजेची आहे. गाळलेले पाणी पातळ असते. डोक्यावर घातले की थांबत नाही, कपाळावरून थेट डोळ्यांत उतरते. म्हणून ती त्यात वाटीभर भाताची पेज कालवते. मिश्रण पळीवाढे झाले की ते टाळूवर टिकते, बोटांनी मुळांशी नेता येते, आणि निम्मे वाहूनही जात नाही. “मान पुढे नको टाकूस, मागे कर. आणि मी सांगेपर्यंत डोळे उघडू नकोस,” असे म्हणत ती भुवयांच्या वर खोबरेल तेलाचे बोट फिरवते. पाणी त्या तेलावरून कडेला वळते.

पेज स्वतः केस धुते, असे मात्र नाही. तांदळाच्या पाण्यात सॅपोनिन नसते. असतो तो मुख्यतः स्टार्च. तो थोडे तेल शोषतो आणि केसावर पातळ थर धरतो. त्या थरामुळे केस एकमेकांवरून सहज सरकतात, विंचरताना कमी तुटतात. चीनच्या ग्वांगशी प्रांतातल्या हुआंगलुओ गावच्या याओ स्त्रिया आंबवलेले तांदळाचे पाणी लांब केसांसाठी वापरतात, ते याच वाटेने. पण हाच स्टार्च सुती लुगड्याला खळ म्हणून लागतो, हे विसरू नये. पेज दाट राहिली किंवा नीट धुतली गेली नाही, तर केस वाळल्यावर कडक होतात आणि विंचरताना पांढरा भुगा पडतो. तो कोंडा नव्हे. पुन्हा साध्या पाण्याने धुतले की जातो.

कोरडेपणाची गोष्ट वेगळी. तो मिश्रण तेज झाल्याने किंवा फार वेळ ठेवल्याने येतो, आणि त्याची खूण फेसच देतो. आदल्या दिवशी तेल लावलेल्या डोक्यावर पहिला हात फिरवला तेव्हा फेस जवळजवळ झालाच नाही. मिश्रण नुसते मळकट होऊन उतरले. तेल फेस मारते, म्हणून असे होते. धुऊन दुसऱ्यांदा घातले तेव्हा बारीक फेस उठला आणि टिकला. याचा अर्थ काढण्याजोगे तेल आता उरलेले नाही. “बास, आता पाणी घाल,” मावशी म्हणाली. तिसरा हात द्यायचा मोह इथेच होतो, कारण फेस छान येऊ लागलेला असतो. पण आता सॅपोनिनला धरायला टाळूचे स्वतःचे तेलच शिल्लक असते. मग डोक्याची कातडी ओढल्यासारखी होते आणि टोके वाळल्यावर खरखरीत लागतात. ज्यांनी तेल लावलेलेच नाही, त्यांनी रिठे निम्मे करावेत, पाणी तेवढेच ठेवावे आणि एकदाच घालावे. टाळूला खाज किंवा लाल चट्टे आले, तर प्रमाणाशी खेळत न बसता ते बंदच करावे.

उरलेले पाणी साठवू नये. त्यात सालीतली साखर असते, टिकवणारे काही नसते. उन्हाळ्यात ते दुसऱ्या दिवशीच आंबूस वासाचे आणि तारेचे होते. असे नासके पाणी डोळ्यात गेले तर जंतूंची भर पडते.

एवढे करूनही डोळ्यात गेलेच, तर चोळू नये. लेन्स असल्या तर लगेच काढाव्यात आणि स्वच्छ पाण्याच्या संथ धारेखाली पापण्या उघड्या धरून पंधरा मिनिटे डोळा धुवावा. आग त्यानंतर उतरणीला लागते. काही तासांनीही दुखत राहिले, उजेड सहन होईना किंवा धूसर दिसू लागले, तर घरच्या घरी गुलाबपाणी घालत न बसता डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे.